तुम्ही विचारलंत म्हणून: तो जुना प्रिंटर

"ऐन बाजाराच्या संध्याकाळी दगा दिलेला प्रिंटर अजून काउंटरवर कशाला ठेवलाय? नवा घेऊन टाका ना!"

प्रिंटरने दगा दिला नव्हता. एवढंच सांगितलं की समोरचा हसतो, म्हणून आज सगळं लिहून काढतोय. त्या संध्याकाळी तुमच्यापैकी बरेच जण रांगेत होते. गर्दी किती होती ते मी सांगायची गरज नाही. पण काउंटरच्या अलीकडे काय चाललं होतं ते तुम्हाला दिसत नव्हतं.

सुरुवात अशी झाली की बिलं अर्धी यायला लागली. दुकानाचं नाव छापलं जायचं, मालाच्या ओळी छापल्या जायच्या आणि शेवटच्या बेरजेपाशी कागद थांबायचा. आमच्या बिलात बेरीज काळ्या पट्टीवर पांढऱ्या आकड्यांत येत असे. पट्टी सुरू झाली की प्रिंटरचा दिवा विझायचा, क्षणात परत लागायचा, रोलर जरासा फिरायचा आणि सगळं शांत. प्रिंटर बंद करून चालू करताना तो जे करतो, अगदी तेच. फक्त बटणाला हात कोणी लावलेला नसायचा.

त्या लगबगीत प्रत्येकाला एकच सुचतं, की मशीन म्हातारं झालं. मलाही रांगेतून तोच सल्ला मिळत होता. पण छापणारं हेड तापून प्रिंटर थांबला तर तो असा विझत नाही. त्याचा दिवा लुकलुकतो, तो थोडा वेळ दम खातो आणि राहिलेलं तिथूनच पुढे छापतो. कागद संपला किंवा झाकण नीट बसलं नाही तर चूक दाखवणारा दिवा लागून राहतो. दिवा विझून पुन्हा लागणं म्हणजे त्याला वीज पुरली नाही, हे एवढं स्पष्ट लक्षण आहे.

आमच्यासारख्या बिलाच्या प्रिंटरमध्ये शाई नसते. कागदालाच उष्णतेने काळा होणारा थर असतो आणि हेडवर बारीक ठिपक्यांची एक ओळ असते. ८० मिलिमीटरच्या कागदाला साधारण ५७६ ठिपके, एका मिलिमीटरला आठ. जिथे काळं हवं तिथला ठिपका क्षणभर तापतो. साध्या अक्षरांच्या ओळीत एका वेळी थोडेच ठिपके तापतात. काळी पट्टी आली की जवळजवळ सगळे तापवावे लागतात आणि विजेची मागणी एकदम वर जाते. अशा प्रिंटरला वीज देणारा अडॅप्टर बहुधा २४ व्होल्टचा असतो. जुन्या अडॅप्टरमधले वीज साठवून धरणारे कपॅसिटर सुकत आले असतील तर असा झटका तो सोसू शकत नाही. व्होल्टेज खाली येतं आणि प्रिंटर विझतो. आपली देवनागरी तर याला आणखी ताण देते. प्रिंटरमध्ये आपली लिपी नसली की प्रोग्रॅम त्या ओळी चित्र म्हणून पाठवतो, आणि सगळ्या शब्दांची शिरोरेषा एकाच आडव्या रांगेत येते. त्या एका रांगेला पट्टीइतकेच नाही, पण पुष्कळ ठिपके लागतात.

दुरुस्तीवाल्याला मी फोनवर हे सांगितलं, तर तो म्हणाला, "मल्टिमीटर लावून बघा." लावला. बरोबर २४ दाखवले. "मग अडॅप्टर ठीक आहे, प्रिंटर बदला," असं म्हणून त्याने फोन ठेवला. प्रिंटर नुसता उभा असताना मोजलं तर २४ दिसणारच. आजारी अडॅप्टरही रिकाम्या हाताने सरळ उभा राहतो, ओझं दिलं की वाकतो. मोजायचं ते छपाई चालू असताना, आणि तेही काळी पट्टी छापताना. तरीसुद्धा घसरण इतकी क्षणिक असते की साध्या मीटरला ती कधी दिसते, कधी दिसत नाही. खात्रीची परीक्षा एकच: तेवढ्याच व्होल्टेजचा, तेवढ्याच किंवा जास्त अँपिअरचा, आणि पिनची तीच जोडणी असलेला दुसरा चांगला अडॅप्टर लावून बघणं. गर्दीच्या वेळी तो आणायचा कुठून?

इथपर्यंतचं नुकसान म्हणजे अर्ध्या चिठ्ठ्या. ते मी सोसलं असतं. खरा घोळ पुढे झाला, आणि त्याबद्दल मला कोणी विचारत नाही.

चिठ्ठी अर्धी आली की काउंटरवरचा मुलगा पुन्हा छापायची आज्ञा द्यायचा. त्यानं वेगळं काय करायला हवं होतं? समोर माणूस उभा आहे, मागे रांग आहे. प्रिंटर मधेच विझल्यामुळे संगणकाने त्याच्याशी बोलणं थांबवलं होतं, पण आज्ञा फेकून दिल्या नव्हत्या. त्या एकामागे एक साठत होत्या. मधेच एकदा प्रिंटरने फूटभर कागदावर भलतीच चिन्हं ओकली. तेही समजण्यासारखं आहे: चित्राचा अर्धा भाग गिळून प्रिंटर विझला, परत जागा झाल्यावर उरलेला अर्धा भाग त्याला चित्र म्हणून ओळखू आला नाही, त्याने तो अक्षरं समजून छापला. लोकांना मात्र वाटलं की मशीनच्या डोक्यात बिघाड झाला.

मग मुलाने केबल काढून परत लावली आणि प्रिंटर चालू लागला. धडाधड चिठ्ठ्या बाहेर. सगळ्यांना हायसं वाटलं. पण त्या चिठ्ठ्या समोरच्या माणसांच्या नव्हत्या. त्या मघाशी साठलेल्या होत्या, अर्धा तास आधी निघून गेलेल्या गिऱ्हाइकांच्या, काही दोन-दोनदा. मुलगा फाडून देत गेला, लोक घडी घालून खिशात टाकत गेले.

एक वयस्कर काका थोड्या वेळाने परत आले. नेहमीचे गिऱ्हाईक. त्यांच्या हातातली चिठ्ठी ३१८ नंबरची होती, तिच्यावरची रक्कम त्यांनी दिलेल्या पैशांपेक्षा बरीच कमी होती आणि माल दुसऱ्याच कोणाचा होता. त्यांनी चिठ्ठी काउंटरवर ठेवली आणि सगळ्यांदेखत, अगदी हळू आवाजात म्हणाले, "मला हिशेब करता येत नाही असं वाटलं का तुम्हाला?" ते ओरडले असते तर मी समजावू लागलो असतो. त्या आवाजापुढे काय बोलावं ते मला सुचेना. रांगेतल्या प्रत्येकाने आपापली चिठ्ठी खिशातून काढून बघायला सुरुवात केली. तो आवाज, कागद उलगडण्याचा, मी विसरलेलो नाही.

मी त्यांना आत बोलावलं, संगणकाचा पडदा त्यांच्याकडे वळवला. विक्री जतन होते तेव्हाच तिला नंबर मिळतो, छपाई नंतरची गोष्ट आहे. त्यांचा नंबर ३३१ होता. माल त्यांचाच, रक्कम त्यांनी दिली तेवढीच. ३१८ त्यांच्या बऱ्याच आधी गेलेल्या बाईंचा. काकांनी ओळ न् ओळ वाचली, चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, "हे तुमच्या मशीनमध्ये आहे. माझ्या हातात काय आहे?"

या प्रश्नावर मी आजही स्वतःशी भांडतो. धंद्यात आलो तेव्हा मी म्हणायचो की छापील चिठ्ठी म्हणजेच व्यवहार, बाकी सगळं तोंडचं. मग हे यंत्र समजत गेलं तसं उलट म्हणू लागलो: खरी ती नोंद, चिठ्ठी नुसती तिची प्रत. त्या संध्याकाळी नोंद पूर्ण बरोबर होती, एक आकडाही इकडचा तिकडे नव्हता, आणि तरीही काका बरोबर होते. गिऱ्हाइकाकडे नोंद नसते. त्याच्याकडे कागद असतो. माझ्यातला पूर्वीचा दुकानदार मला खिजवतो की सांगितलं होतं ना. मी त्याला म्हणतो की तुझ्या हिशेबाने चाललो असतो तर ३१८ ही चिठ्ठीच खरी मानावी लागली असती. तो गप्प बसत नाही, मीही नाही.

काकांना मी हाताने बिल लिहून दिलं, त्यावर ३३१ नंबर घातला, सही केली. मग उरलेली सगळी संध्याकाळ तेच. माझी जुनी सवय म्हणून गल्ल्याखाली कार्बनचं बिलबुक असतं, त्याचे नंबर संगणकाच्या नंबरांत मिसळू नयेत म्हणून वेगळ्या अक्षराने सुरू होतात. मुलाला एकच गोष्ट बजावली: चिठ्ठी आली नाही म्हणून नवं बिल करायचं नाही. नवं बिल केलं की तीच विक्री दोनदा नोंदली जाते, मालाचा साठाही दोनदा कमी होतो, आणि महिनाअखेरीस हा फरक शोधणं जिवावर येतं. जुन्या नंबरचीच प्रत काढायची, आणि तीही आधी साठलेल्या आज्ञा पुसल्याशिवाय नाही. त्या पुसायला आमच्या विंडोज संगणकावर, प्रशासकाच्या अधिकाराने उघडलेल्या कमांड प्रॉम्प्टच्या खिडकीत, हे लागतं:

```
net stop spooler
del /Q %systemroot%\System32\spool\PRINTERS\*.*
net start spooler
```

हे करताना प्रिंटर बंद ठेवायचा, कारण काही बिलं त्याच्या स्वतःच्या पोटातही अडकलेली असतात. वीज गेली की ती पुसली जातात.

दुसऱ्या दिवशी बाजूच्या दुकानातला त्याच जातीचा अडॅप्टर मागून आणला आणि लावला. काळी पट्टी पहिल्याच फटक्यात पूर्ण, ठसठशीत. नवा अडॅप्टर घेतला आणि बिलाच्या मांडणीतून ती पट्टी काढून टाकली. बेरीज आता मोठ्या पण साध्या अक्षरांत येते. प्रिंटरला मी काहीही केलेलं नाही, करण्यासारखं काही नव्हतंच. म्हणून तो काउंटरवर आहे. नवा घेतला असता तर त्याच्यासोबत नवा अडॅप्टर आला असता, सगळं सुरळीत झालं असतं, आणि आपण सगळ्यांनी मानलं असतं की जुना प्रिंटर खराब होता. आज्ञा साठायची सवय मात्र तशीच राहिली असती आणि पुढच्या एखाद्या गर्दीत पुन्हा कोणाच्या तरी हातात दुसऱ्याची चिठ्ठी गेली असती.

तो कायम चालेल असं माझं म्हणणं नाही. हल्ली बिलाच्या डाव्या कडेला वरपासून खालपर्यंत एक बारीक पांढरी रेघ येते. प्रिंटर थंड असताना आयसोप्रोपिल अल्कोहोलने हेड पुसलं की मळाची रेघ जाते. ही गेली नाही, जागेवरून हललीही नाही, म्हणजे तिथला ठिपका जळालाय. कडेला आहे तोवर वाचायला अडचण नाही. शेजारचे ठिपके जाऊन असं भगदाड रकमेच्या रकान्यात आलं, तर इंग्रजी 8 ची डावी बाजू पुसली जाऊन तो 3 दिसू शकतो. तसं दिसायची शक्यता निर्माण झाली की प्रिंटर त्याच दिवशी काढीन.

मुलगा म्हणतो, "दादा, तो दिवस बाजाराचाच असला तर?" त्याच्यासाठी मी फीडचं बटण दाबून धरून प्रिंटर चालू करायचा आणि चाचणीची चिठ्ठी काढायची, हे बाजाराच्या आदल्या दिवशीचं काम ठरवून दिलंय. त्याचं त्यावर समाधान झालेलं नाही.