बॅच होल्डवर, पण रेणू एकच

सकाळी प्रॉडक्शनमधून फोन आला, "मॅडम, बॅच होल्डवर टाकलीय. एनएमआरमध्ये इथाइलचे पीक दोन-दोन येतायत. मिक्श्चर झालंय का?" बॅच डीटची होती, म्हणजे डासांना दूर ठेवणाऱ्या क्रीममध्ये जे घालतात त्या एन,एन-डायइथाइल-मेटा-टोलुअमाइडची. जीसीवर, म्हणजे घटक वेगळे करून दाखवणाऱ्या यंत्रावर, एकच मोठा पीक होता. तरी एनएमआरचा, म्हणजे रेणूतल्या हायड्रोजनांचा शेजार पीकमधून दाखवणाऱ्या चाचणीचा, कागद पाहून कुणालाही शंका यावी असंच चित्र होतं.

४०० मेगाहर्ट्झच्या यंत्रावर, डीएमएसओ-डी६ या द्रावकात, २५ अंशांना घेतलेला तो स्पेक्ट्रम. नायट्रोजनवर दोन सारखे इथाइल आहेत, तेव्हा CH₂ चा चार फाट्यांचा एक क्वार्टेट आणि CH₃ चा तीन फाट्यांचा एक ट्रिपलेट यावा अशी अपेक्षा. आले होते रुंद, पसरट उंचवटे: CH₂ चे ३.४२ आणि ३.१७ पीपीएमला, CH₃ चे १.१३ आणि १.०३ ला. त्यात डीएमएसओमधलं पाणी ३.३३ ला, नेमकं CH₂ च्या दोन उंचवट्यांच्या मध्ये, त्यामुळे तो भाग आणखीच गढूळ दिसत होता. बेंझीन वलयावरच्या मिथाइलचा पीक मात्र एकच आणि सुईसारखा टोकदार.

हा टोकदार पीक पहिला साक्षीदार. खरंच दोन पदार्थांचं मिश्रण असतं तर सगळेच पीक आपापल्या जागी टोकदार आले असते, फक्त संख्येने जास्त. इथे पसरले होते ते केवळ नायट्रोजनवरचे गट. म्हणजे त्या गटांच्या जागा आपसांत बदलत होत्या, पण सावकाश.

कागदावर आपण अमाइड काढतो तेव्हा कार्बन आणि ऑक्सिजनमध्ये दुहेरी बंध, कार्बन आणि नायट्रोजनमध्ये एकेरी. प्रत्यक्षात नायट्रोजनची मोकळी इलेक्ट्रॉन-जोडी कार्बोनिलकडे ओढली जाते आणि कार्बन-नायट्रोजन बंधाला अंशतः दुहेरीपणा येतो. नेहमीचा एकेरी C–N बंध सुमारे १.४७ अँगस्ट्रॉम लांब असतो, अमाइडमध्ये तो १.३३ च्या आसपास भरतो. नायट्रोजन पिरॅमिडसारखा न राहता सपाट होतो, आणि त्याचे दोन इथाइल एकाच पातळीत अडकतात. एक ऑक्सिजनच्या बाजूला, दुसरा वलयाच्या बाजूला. रेणू एकच, पण त्यातल्या दोन इथाइलचा शेजार वेगळा. दोन पदार्थ सोडाच, इथे दोन वेगळे रोटामर, म्हणजे बंध फिरल्याने होणारे एकाच रेणूचे वेगळे आकार, तेही नाहीत. गट सारखेच असल्यामुळे बंध अर्धा फिरला की तोच रेणू पुन्हा मिळतो.

हे सिद्ध करायला नमुना तापवायचा. प्रत्येक तापमानाला दहा मिनिटं थांबायचं, पुन्हा शिमिंग करून चुंबकक्षेत्र एकसारखं करायचं आणि मगच स्कॅन घ्यायचे. घाई केली तर नळीच्या वर आणि खाली तापमान वेगळं राहतं आणि त्यानेच पीक रुंद होतात. पडद्यावरच्या तापमानावरही विसंबू नये, एथिलीन ग्लायकॉलच्या नळीने ते आधी तपासून घ्यावं. तापवण्याचा एक फायदा असा की पाण्याचा पीक उजवीकडे सरकत जातो आणि ३.४२ चा भाग मोकळा होतो.

CH₃ चे दोन उंचवटे ३१७ केल्विनला एकजीव झाले, CH₂ चे ३२९ ला. ३५३ केल्विनला नेलं तेव्हा एक स्वच्छ क्वार्टेट आणि एक स्वच्छ ट्रिपलेट. थंड केल्यावर उंचवटे परत आले. यातला हिशेब मला फार आवडतो. पीक एकत्र येण्याच्या तापमानावरून फिरण्याचा अडथळा काढता येतो:

`ΔG‡ = R·Tc·[22.96 + ln(Tc/Δν)]`

R म्हणजे वायुस्थिरांक, Tc म्हणजे पीक एकत्र येण्याचं तापमान केल्विनमध्ये, आणि Δν म्हणजे फिरणं अगदी मंद असताना दोन पीकमधलं अंतर, हर्ट्झमध्ये. CH₃ साठी ते ४० आणि CH₂ साठी १०० धरलं. पहिल्यावरून ६६.० किलोज्यूल प्रति मोल आले, दुसऱ्यावरून ६६.१. तापमानं वेगळी, अडथळा एकच, कारण फिरणारा बंध एकच आहे. (सूत्र कपलिंग धरत नाही, म्हणून दशांशावर फार जोर देऊ नये.) या अडथळ्याने २५ अंशांना बंध सेकंदाला साधारण १७ वेळा फिरतो. पीक वेगळे दिसावेत इतका मंद, टोकदार राहू नयेत इतका जलद. डीएमएफ या साध्या अमाइडमध्ये अडथळा ८८ च्या आसपास असतो, म्हणून त्याचे दोन मिथाइल पीक खोलीच्या तापमानाला स्वच्छ वेगळे दिसतात. डीटमध्ये तो कमी, कारण वलयही कार्बोनिलला इलेक्ट्रॉन पुरवतं आणि गर्दीमुळे नायट्रोजनची मांडणी थोडी विस्कटते.

पण तापवताना २.९ जवळचा एक चिमुकला क्वार्टेट ना रुंद झाला, ना कुणात मिसळला. खरी अशुद्धी ती होती: डायइथाइलअमाइन हायड्रोक्लोराइड. आम्ल क्लोराइडवर अमाइन टाकलं की ते बनतंच, आणि पाण्याचं धुणं कमी पडलं की अमाइडच्या तेलात उरतं.

दुसरीकडे, ग्राहकाच्या जुन्या स्पेसिफिकेशनमध्ये ओळखचाचणी म्हणून जलअपघटन होतं. सकाळीच १.९१ ग्रॅम, म्हणजे १० मिलिमोल डीट १० टक्के सोडियम हायड्रॉक्साइडमध्ये रिफ्लक्सला लावलं होतं. चार तासांनी तेल जसंच्या तसं वर तरंगत होतं. विरघळतच नाही म्हणून चालत नसेल, या शंकेने इथेनॉल घालूनही पाहिलं. टीएलसीवर बहुतेक सगळं डीटच. शेजारच्या फ्लास्कमध्ये त्याच आम्लाचा इथाइल एस्टर त्याच द्रावणात अर्ध्या तासात संपला होता.

ज्या इलेक्ट्रॉन-जोडीने बंध फिरू दिला नाही, तिनेच हायड्रॉक्साइडलाही अडवलं. तिच्यामुळे कार्बोनिल कार्बनची इलेक्ट्रॉनांची भूक कमी होते. हायड्रॉक्साइड जोडलं गेलं की कार्बन चतुष्फलकीय होतो आणि संस्पंदनाची स्थिरता गमवावी लागते. ती किंमत नेमकी ६६ किलोज्यूल असं म्हणता येत नाही, कारण वलयाचाही आधार तुटतो, पण खातं तेच. एवढं करूनही पुढे अडतं: त्या मध्यस्थातून डायइथाइल अमाइड आयन बाहेर पडणं फार कठीण, हायड्रॉक्साइड परत जाणं सोपं. एस्टरमधून निघणारा इथॉक्साइड त्या मानाने कितीतरी सौम्य.

म्हणून ७० टक्के सल्फ्युरिक आम्ल, २० मिली, तेलाच्या बाथमध्ये १४५ अंशांना, दोन तास. आम्लात प्रोटॉन आधी ऑक्सिजनवर बसतो, कारण नायट्रोजनची जोडी गुंतलेली असते. पाणी जोडलं गेलं की ती जोडी मोकळी होते, मग नायट्रोजन प्रोटॉन घेतो आणि साधं अमाइन म्हणून निघून जातो. आम्लात त्याचं लगेच क्षार होतं, त्यामुळे तो परत हल्ला करू शकत नाही. ९८ टक्के आम्ल वापरायचा मोह टाळावा. त्यात जोडायला मोकळं पाणीच उरत नाही आणि वेग वाढण्याऐवजी घटतो.

बर्फावर ओतल्यावर पांढरं मेटा-टोलुइक आम्ल खाली बसलं. पाण्यातून पुन्हा स्फटिकवल्यावर ते ११० अंशांना वितळलं.

ही जोडी बळजबरीने बाजूला वळवली तर काय होतं, तेही माहीत आहे. २००६ मध्ये कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत तानी आणि स्टोल्ट्झ यांनी २-क्विन्युक्लिडोनचं क्षार बनवलं. त्याच्या पिंजऱ्यासारख्या रचनेत नायट्रोजनची जोडी कार्बोनिलशी काटकोनात राहते. पाण्यात त्याचं अर्धआयुष्य १५ सेकंदांहूनही कमी निघालं.

संध्याकाळी रिपोर्टमध्ये दोन ओळी लिहिल्या. इथाइलचे दुहेरी पीक: C–N बंधाचं मंद फिरणं, ३५३ केल्विनला एकत्र, अशुद्धी नाही. २.९ चा क्वार्टेट: अमाइनचं क्षार, पाण्याची आणखी दोन धुणी देऊन नमुना पुन्हा पाठवावा.