आईबाबांचा अल्बम, अपडेट ३: २१२ फोटोंचे ३४ झाले

आईबाबांच्या जुन्या फोटोंतून निवडक घेऊन त्यांच्यासाठी नवा अल्बम करतेय. त्यासाठी त्यांच्या लग्नाचा अल्बम (१९८५चा, चिकट पानं आणि वर प्लास्टिक असतं तो) उघडला आणि गोंद पिवळा पडून फोटो पानाला घट्ट बसलेले. नखाने उचलायला गेले तर पहिल्याच फोटोचा कोपरा दुमडला. मग दात साफ करायचा फ्लॉस फोटोच्या मागून करवतीसारखा हळूहळू सरकवला, आणि निघाले की सगळे! दोन मात्र हलेचनात, ते पानासकट स्कॅन केले, उगाच ओढाओढी नको. स्कॅन सगळे ६०० डीपीआयवर, म्हणजे मूळ साईजच्या दुप्पट प्रिंट काढली तरी फोटो धूसर होत नाही.

आता निवड. इथे मी आठवडाभर अडकले होते. २१२ पैकी १३० नुसते लग्नाचे आणि त्यातले निम्मे आहेर देतानाचे, तेच दोघं, तीच खुर्ची, फक्त शेजारचे काका बदलतात. आई म्हणे सगळ्यांचा एकेक लाव नाहीतर रुसतील. मी म्हटलं आई अगं हा तुमचा दोघांचा अल्बम आहे, नातेवाईकांचा नाही! शेवटी आहेरवाले सगळे पेन ड्राइव्हवर टाकले आणि लग्नातले फक्त सात ठेवले. त्यात अंतरपाट धरलेला घेतला, कारण त्यात बाबा खालून वाकून बघतायत 😄

मग सगळे फोटो सालवार जमिनीवर मांडले तेव्हा खरा घोळ कळला. १९९० ते ९६ दोघांचा एकत्र एकही फोटो नाही, कारण कॅमेरा बाबांच्या हातात. त्या काळातले फोटो मी आधी 'नुसती आई' म्हणून बाजूला काढले होते ते परत चाळले, तर गणपतीपुळ्याच्या एका फोटोत आई डोळे बारीक करून उन्हाकडे तोंड करून उभी आणि तिच्या पायाशी वाळूत लांब सावली, दोन्ही कोपर बाहेर, कॅमेरा डोळ्याला. बाबाच ते! फोटो लालसर पडलाय, थोडा हललाय पण, तरी अख्खं पान त्याला दिलंय.

चिकटवायला फेविकॉल नको, ट्रायल पान सुकल्यावर पापडासारखं वाकडं झालं. ॲसिड-फ्री कागदाचे कोपरे कापून त्यात फोटो खोचतेय, म्हणजे उद्या काढता पण येतील. पत्रिकेवरचं कुंकू समोरच्या फोटोला लागत होतं म्हणून तिची कलर झेरॉक्स लावली, खरी पाकिटात. बसची तिकिटं पण झेरॉक्सच.

चौदा पानं झाली, सहा बाकी. सावलीच्या पानाखाली काय लिहायचं ते बाबांना विचारलं तर म्हणाले, 'रोल संपत आला होता, एवढंच आठवतंय.' तेच लिहिलं.