मानेवरच्या रेघेने खाल्लेली माझी रविवार सकाळ

रविवारी आंघोळीच्या आगेमागे पंचवीस मिनिटं दिली की पुढच्या शनिवारपर्यंत मी चारचौघांत बसण्यासारखा दिसतो. नखं, कल्ले, मिशी हे हा हा म्हणता उरकतं. माझं घोडं दर वेळी अडतं ते दाढीखाली, मानेवर.

क्रम एकदा ठरला की डोकं लावावं लागत नाही: आधी कोरडं काम, मग आंघोळ, मग ओलं काम. दाढीला ट्रिमर लावायचा तो आंघोळीआधी. ओला केस चपटा आणि लांब दिसतो, वाळला की आखडतो, आणि आपण हवी त्यापेक्षा बारीक दाढी करून बसतो. मी गालांवर ३ मिमीचा आणि हनुवटीवर ५ मिमीचा गार्ड लावतो. अंदाज नसेल तर मोठ्या गार्डने सुरुवात करा, कापलेलं परत चिकटवता येत नाही. मिशी कंगव्याने खाली ओढून ओठावर येणारे केस तेवढे कातरीने कापायचे.

आता मान. पहिला प्रश्न, दाढी संपवायची कुठे? सलूनमध्ये न सांगता बसलो तर रेघ थेट जबड्याच्या हाडावर येते. आरशात समोरून ती छान दिसते, पण खाली बघितलं की हनुवटीखालची मोकळी कातडी पुढे येते आणि नसलेली दुसरी हनुवटी उगवते. रेघेची जागा कंठमण्याच्या वर साधारण दोन बोटं. तिथून दोन्ही बाजूंनी कानाखाली, जबड्याच्या कोपऱ्याकडे गोलाईने जायचं. खूण करताना नजर समोर हवी, कारण मान वर केली की कातडी सरकते आणि माप चुकतं.

रेघेखालचं साफ करताना खरा त्रास सुरू होतो. गुळगुळीत व्हावं म्हणून मी कातडी ताणून, तीन पात्यांच्या रेझरने उलटा हात मारायचो. पात्यांची रांग केसाला ओढून कापते आणि कापलेलं टोक कातडीच्या खाली जातं. केस कुरळा असेल तर बाहेर येताना वळून कातडीतच घुसतो. मग दोन-तीन दिवसांनी पुटकुळ्या येतात आणि काहींच्या मधोमध काळ्या केसाचा वेटोळा दिसतो. नुसती रेझरची आग असेल तर लाली लगेच येते आणि एक-दोन दिवसांत उतरते. हा फरक कळेपर्यंत मी पुटकुळ्यांवर तुरटी घासत राहिलो. तुरटी बारीक कापल्याचं रक्त थांबवते, आत वळलेल्या केसाचं तिला काही करता येत नाही. चरचर मात्र होते.

मानेवर केस एकाच दिशेने उगवत नाहीत, हेही मला उशिरा कळलं. दोन दिवसांचे खुंट असताना बोट फिरवा. जिकडे गुळगुळीत लागतं ती केसाची दिशा, टोचतं ती उलटी. माझ्या उजव्या बाजूला केस खाली येतात, डाव्या कानाखाली आडवे पुढे जातात, कंठाजवळ चक्क वर. म्हणजे एकाच मानेवर तीन दिशांचे हात. रेझर वापरायचाच तर आंघोळीनंतर, फेस लावून, एकच पातं, कातडी न ताणता, सुलट आणि एकदाच.

पुटकुळ्या असतील तर काही आठवडे रेझर बंद. गार्ड काढलेला ट्रिमर साधारण अर्धा मिमी खुंट ठेवतो, तेवढ्याने टोक कातडीबाहेर राहतं. मी आता कायमचं हेच करतो. वेटोळा वर दिसत असेल तर स्वच्छ सुईने टोक नुसतं उचलून मोकळं करायचं. उपटायचं नाही, तो परत आतच उगवू शकतो. पू झाला किंवा दुखणं पसरलं तर त्वचेच्या डॉक्टरांकडे जायचं.

एक कबुली: फक्त रविवार मानेला पुरत नाही. बुधवारी रेघ पुसट होते, तेव्हा ट्रिमरची दोन मिनिटं द्यावीच लागतात.

मागची मान राहिलीच. दोन आरसे धरून केसांच्या मूळ रेघेखालची लव तेवढी काढायची. रेघ वर सरकवली तर आठवड्यात खुंटांचा पट्टा दिसतो. नाकातले केस बोथट टोकाच्या कातरीने, बाहेर डोकावणारे तेवढेच. उपटले तर केसतोड होऊ शकतं.

नखं सगळ्यात शेवटी, आंघोळीने मऊ झालेली असताना. पायाची सरळ कापायची, कोपरे गोल केले तर नख मांसात रुततं. आणि हो, ट्रिमर केस ओढायला लागला तर फेकून देण्याआधी पाती ब्रशने झाडून तेलाचा एक थेंब सोडून बघा.