तुम्ही विचारलंत म्हणून: दोन वेळचं ५-०

"तुम्ही दोघं मित्र इतकी वर्षं यावरून भांडताय, तर एकदाचं सांगा ना, फुटबॉलमधल्या सगळ्यात भारी टीम्स नक्की कुठल्या काळात झाल्या?"

माझं उत्तर १९८०च्या दशकाचा शेवट, म्हणजे अरिगो साक्कीच्या मिलानचा काळ. मित्राचं उत्तर २००८ ते २०११, ग्वार्डिओलाची बार्सिलोना. १९७०च्या ब्राझीलवर आमचं भांडण नाही, ती टीम दोघांनाही प्यारी आहे, पण वर्ल्ड कपचे ६ सामने आणि क्लबचा अख्खा सीझन एका तराजूत कसे टाकणार, म्हणून तो विषय आम्ही बाजूला ठेवलाय.

परवा आम्ही दोन सामने पाठोपाठ बघितले. दोन्हींत समोर रेआल माद्रिद आणि दोन्हींचा स्कोअर ५-०. पहिला १९ एप्रिल १९८९चा, सान सिरोवर, युरोपियन कपची सेमीफायनल, दुसरी लेग. दुसरा २९ नोव्हेंबर २०१०चा, कँप नोवरचा लीगचा सामना. आणि दोन्ही वेळी रेआल काही लेचीपेची नव्हती हं. १९८९ची रेआल स्पेनची लीग सलग ५ वेळा जिंकत होती त्याच काळातली, बुत्राग्वेन्यो आणि ह्यूगो सांचेझवाली, आणि २०१०ची मोरिन्योची रेआल तोवर लीगमध्ये एकही सामना हरली नव्हती.

मिलानचा सामना लावला आणि मी त्याला म्हटलं, बॉलकडे बघू नकोस, बारेसीकडे बघ. रेआलने बॉल मागे खेळवला की बारेसीची अख्खी लाइन, तासोत्ती, कोस्ताकुर्ता, माल्दिनी, एकदम पुढे सरकते, आणि पुढे फान बास्टेन-खुलिट बॉलवाल्याच्या अंगावर जातात. सगळ्यात मागचा डिफेंडर ते सगळ्यात पुढचा स्ट्रायकर यांच्यातलं अंतर साक्कीला साधारण २५ मीटर हवं असायचं. त्या पट्ट्यात बॉल घेऊन वळायला माणसाला जागाच मिळत नाही, आणि डोक्यावरून लांब मारला तर पळणारा ऑफसाइड. अँचेलोत्तीने दोघांना चकवून लांबून मारलेला पहिला गोल सगळ्यांना आठवतो, पण मला त्याच्याही आधीची ती घुसमट जास्त आवडते, रेआलसारखी टीम स्वतःच्या हाफमधून धड बाहेर येऊ शकत नाही. हाफटाइमलाच ३-०.

मित्र म्हणाला, "बरं, म्हणजे प्रेसिंग. मग माझी बार्सा तेच करत होती की, आणि वर बॉलही तिच्याकडेच असायचा."

मी म्हटलं, "अरे पण नियम बघ ना. १९८९मध्ये डिफेंडरवर प्रेस केला की तो काय करायचा? बॉल मागे किपरला द्यायचा आणि किपर सरळ हातात उचलून घ्यायचा, संपलं, तुमची सगळी धावाधाव फुकट. ती वाट १९९२च्या बॅकपासच्या नियमाने बंद झाली. तुझ्या बार्साला प्रेस करताना समोरच्या किपरला पायानेच खेळावं लागत होतं, नियम तुझ्या बाजूने होता. साक्कीने हे सगळं नियम विरोधात असताना केलं."

तो जरा गप्प झाला, मग म्हणाला, "आणि ऑफसाइड? तो कुणाच्या बाजूने होता?"

इथे त्याचा मुद्दा खरंच जोरदार आहे, तो नीट सांगतो. तेव्हा डिफेंडरच्या बरोबरीच्या रेषेत असलेला फॉरवर्ड ऑफसाइड धरला जायचा. १९९०मध्ये नियम बदलला आणि बरोबरीत असेल तर ऑनसाइड झालं. म्हणजे बारेसीने हात वर केला तेव्हा शंकेचा फायदा त्याला मिळत होता, नंतर तो स्ट्रायकरला मिळायला लागला. हाय लाइन खेळणाऱ्यांसाठी हा फरक फार मोठा.

मग त्याने २०१०चा सामना लावला. "आता तू मेस्सीकडे बघ," म्हणाला. मेस्सी स्ट्रायकरच्या जागी, पण तिथे थांबतच नाही, मिडफिल्डमध्ये उतरतो. आता रेआलच्या डिफेंडरांनी, पेपे आणि कार्व्हाल्योने, करायचं काय? त्याच्या पाठोपाठ पुढे गेले तर मागची जागा उघडी, थांबले तर मिडफिल्डमध्ये शावी, इनिएस्ता, बुस्केट्स आणि मेस्सी, चौघं मिळून बॉल फिरवत बसतात. व्हियाचे दोन्ही गोल बघा, दोन्ही वेळा मेस्सी खाली येऊन वळतो आणि व्हिया बाजूने आत पळतो, बॉल बरोबर त्या फटीत. मेस्सीचा स्वतःचा एकही गोल नाही आणि तरी सामना त्याचा. हे बघून कुणाचं मन भरून येत नसेल तर तो फुटबॉल बघतच नाही, असं माझंही मत आहे, मिलानवाला असूनही.

पुढे मित्राने ठेवणीतला बाण काढला. "तुझी मिलान १९८८च्या नोव्हेंबरमध्ये बेलग्रेडला बाहेरच पडली होती. रेड स्टार १-० पुढे, मिलानचा विर्दीस रेड कार्ड घेऊन बाहेर, आणि धुकं आलं म्हणून सामना रद्द! दुसऱ्या दिवशी परत खेळले आणि पेनल्टीवर वाचले."

बरोबर आहे, धुकं आलंच होतं. पण दुसऱ्या दिवशी मिलानचा एक बॉल लाइनच्या चांगलाच आत जाऊनही गोल दिला नाही, ते तो सांगत नाही. आणि २००९मध्ये चेल्सीविरुद्ध पेनल्टीची इतकी अपिलं फेटाळली गेली नसती तर इनिएस्ताच्या शेवटच्या क्षणाच्या गोलची वेळ तरी आली असती का? नशीब दोघांनाही लागलं.

माझा खरा मुद्दा वेगळा आहे. तुम्ही "काळ" विचारलात, एक टीम नाही. १९९५च्या बॉसमन निकालाआधी इटलीत एका क्लबला सामन्यात ३च परदेशी खेळवता यायचे, त्यामुळे मोठे खेळाडू विखुरलेले होते, माराडोना नापोलीत, माथेउस इंटरमध्ये. साक्कीच्या मिलानने लीग एकदाच जिंकली, १९८८ची, पुढच्या दोन इंटर आणि नापोलीने नेल्या. मित्र हे मिलानविरुद्ध वापरतो, मी त्या काळाच्या बाजूने वापरतो. १९९०मध्ये युरोपचे तिन्ही कप इटालियन क्लबांकडे होते, मिलान, साम्पदोरिया आणि युव्हेंटस. अशा लीगमध्ये दर रविवारी खेळून युरोपियन कप सलग दोनदा जिंकायचा!

त्यावर तो म्हणाला, "माझी बार्सा पैशाने उभी राहिली नव्हती, २०११च्या फायनलच्या अकरात ७ जण क्लबच्या अकादमीतून आलेले." मान्य. म्हणूनच ती टीम त्या काळाचा नमुना नाही, अपवाद आहे असं मी म्हणतो, आणि इथे तो भडकतो.

शेवटी परत ऑफसाइडवर आलो. तो म्हणाला, "नवीन नियमात तुझी ती लाइन टिकलीच नसती." मी म्हटलं, "टिकली की. त्याच चौघांच्या डिफेन्सवर १९९१-९२ची लीग एकही सामना न हरता जिंकली, आणि ती न हरण्याची मालिका लीगमध्ये ५८ सामने चालली." तर म्हणतो, "ती साक्कीनंतरच्या कोचची, कापेल्लोची मिलान, लाइन मागे ओढलेली, साक्कीची नाही." आता १९९२चे सामने शोधून लाइन कुठे उभी राहायची ते बघायचं ठरलंय.