पाडव्याची तारीख आणि २८ सेंटिमीटर : एएनएमच्या प्रश्नसंचाने मला काय शिकवलं

एएनएमच्या, म्हणजे उपकेंद्रावर काम करणाऱ्या नर्सच्या अभ्यासक्रमाच्या, दुसऱ्या वर्षी प्रसूतिपूर्व तपासणीचा प्रश्नसंच हातात आला तेव्हा गर्भाशयाच्या उंचीचा तक्ता मला तोंडपाठ होता. १२ आठवड्यांना गर्भाशयाचं वरचं टोक ओटीपोटाखालच्या हाडाच्या, जघनास्थीच्या, किंचित वर, २४ ला बेंबीपाशी, ३६ ला छातीच्या हाडाच्या टोकाशी. तरीही पहिल्या फेरीत याच विषयात सगळ्यात जास्त मार्क गेले. तक्ता पाठ होता, पण प्रश्न तक्त्यावर नव्हतेच. एका बाईची तारीख, पोटाची उंची आणि तिची तक्रार अशा तीन गोष्टी देऊन "आता तुम्ही काय कराल?" असं विचारलेलं होतं.

पहिली अडचण बेंबीचीच. आमच्या पुस्तकात बेंबीपाशी २४ आठवडे, तर इंग्रजी पुस्तक वाचणारी मैत्रीण म्हणायची २०. मॅडमनी दोघींनाही चूक ठरवलं नाही. "बेंबी सगळ्यांची एकाच जागी असते का गं?" एवढंच विचारलं. उंच, बुटकी, आधी तीन बाळंतपणं झालेली, प्रत्येकीची बेंबी थोडी वरखाली असते. म्हणून बोटांनी काढलेलं वय हा अंदाज असतो, आणि २४ आठवड्यांनंतर टेप घ्यायची. तिथून साधारण ३६ पर्यंत जितके आठवडे तितके सेंटिमीटर, दोनाचा फरक चालतो. परीक्षेत मी आमच्या पुस्तकाप्रमाणे २४ लिहिलं, कारण आमच्याकडे तपासणारे तेच धरतात.

दुसरा प्रश्न मला फार आवडला. एका बाईचं गर्भाशय बेंबी ते छातीचं हाड या अंतराच्या दोन-तृतीयांशावर आहे. आठवडे किती? मी लगेच ३२ लिहिलं. पण ४० आठवड्यांनाही उंची तिथेच येते, कारण शेवटच्या आठवड्यांत डोकं कटीत उतरतं आणि गर्भाशय खाली बसतं. फरक उंचीत दिसत नाही, तो बाजूंना दिसतो. ४० ला दोन्ही कुशी भरलेल्या लागतात, डोकं हाताने हलत नाही, आणि बाई स्वतःच सांगते, "आता श्वास मोकळा झाला, पण लघवीला सारखं जावं लागतं."

खरा धडा मात्र १८ नोव्हेंबर २०२४ ला उपकेंद्रावर मिळाला. एक ताई आली होती, पहिलटकरीण. पाळीची शेवटची तारीख विचारली तर आठवेना. मॅडमनी सण विचारायला सांगितलं. ती लगेच म्हणाली, "पाडव्याला मी गुढीला हात लावला नव्हता सिस्टर, दुसरा दिवस होता." पाडवा ९ एप्रिलला होता, म्हणजे पाळी ८ एप्रिलला आली. त्यात नऊ महिने आणि सात दिवस मिळवले की १५ जानेवारी, ही प्रसूतीची अपेक्षित तारीख. त्या दिवशीपर्यंतचे दिवस मोजले : एप्रिलचे २२, मग ३१, ३०, ३१, ३१, ३०, ३१ आणि नोव्हेंबरचे १८. बेरीज २२४, सातने भागले तर बरोबर ३२ आठवडे.

मग मी टेप लावली आणि ३१ लिहिलं. मॅडमनी माझी मोजणी पाहिली होती. ताई लघवीला जाऊन आलेली नव्हती, तिचे गुडघे वाकलेले होते, आणि टेपचे आकडे माझ्याकडे तोंड करून होते. ३२ यायला हवेत हे मला आधीच माहीत होतं, आणि माझं बोट त्या आकड्याकडे सरकत गेलं. हे मी मुद्दाम केलं नव्हतं, म्हणूनच त्याची भीती वाटली.

मॅडमनी पुन्हा करून घेतलं. आधी ताईला लघवीला पाठवलं, कारण भरलेली मूत्रपिशवी गर्भाशयाला दोन-तीन सेंटिमीटर वर ढकलू शकते. मग पाय सरळ. गर्भाशय उजवीकडे झुकलेलं असतं ते हलक्या हाताने मध्यावर आणलं. डाव्या हाताची करंगळीकडची कड छातीच्या हाडापासून खाली आणत नेली, पहिला घट्टपणा लागला तिथे खूण केली. टेपचं टोक जघनास्थीच्या वरच्या कडेवर धरलं आणि आकडे पोटाकडे ठेवले, म्हणजे मोजून झाल्यावरच उलटून वाचायचे. आकडा निघाला २८.

प्रश्नसंचात अगदी असाच प्रश्न होता, आणि मी उत्तर लिहिलं होतं : "तारीख चुकली असेल, चार आठवड्यांनी पुन्हा बोलवावे." तारीख चुकणं हे उंची कमी भरण्याचं नेहमीचं कारण आहे, हे खरं. पण ताईच्या कार्डात तिसऱ्या महिन्यातली सोनोग्राफी होती आणि ती पाडव्याशी जुळत होती. पहिल्या तीन महिन्यांतली सोनोग्राफी वयासाठी सगळ्यात भरवशाची. शेवटच्या तीन महिन्यांतली असती तर वयासाठी तिच्यावर इतका भरवसा ठेवता आला नसता. तेव्हा तारीख बरोबर. पोटाला हात लावला तर बाळ आडवंही नव्हतं. मग उरलं ते बाळाची वाढ खुंटणं किंवा पाणी कमी असणं.

मॅडम म्हणाल्या, "आता बीपी बघ." १४६/९६ होतं. लघवीत प्रथिनं दोन प्लस. डोकं दुखतं का विचारल्यावर ताई म्हणाली, "दोन दिवस झाले, उन्हाने असेल." चुडा घट्ट झालाय हेही तिने तेव्हाच सांगितलं. एरवी बीपी १४०/९० किंवा त्याहून जास्त आलं तर चार तासांनी पुन्हा बघून ठरवतात. पण प्रथिनं आणि सोबत डोकेदुखी असताना वाट बघायची नाही. बाळाला पोसणाऱ्या वारेकडे रक्त नीट पोचत नसेल तर बीपी चढणं आणि बाळ लहान राहणं ही एकाच आजाराची दोन तोंडं असू शकतात. २८ चा आकडा आणि ती डोकेदुखी मी वेगवेगळ्या कप्प्यांत ठेवली होती.

मी चिठ्ठी लिहिली : ३२ आठवडे, तारीख सोनोग्राफीशी जुळते, उंची २८ सेंटिमीटर, बीपी १४६/९६, प्रथिनं ++, डोकेदुखी दोन दिवस. १०८ ने ताई जिल्हा रुग्णालयात गेली. तिथे बाळ वयाच्या मानाने लहान आणि पाणी कमी असल्याचं कळलं, आणि तिला दाखल करून घेतलं.

त्यानंतर प्रश्नसंच पुन्हा सोडवताना मी आधी प्रश्नाची शेवटची ओळ वाचायला लागले, कारण धोक्याचं लक्षण बहुधा तिथेच असतं. नजर धूसर होणं, बरगड्यांखाली पोटात दुखणं, झटके, बाळाची हालचाल कमी वाटणं, पाणी जाणं. यातलं काही असेल तर उंचीचा हिशोब उत्तराचा भाग राहतो, पण पर्याय ठरवतं ते लक्षण. रक्तस्राव असेल तर उंची मोजण्याच्या आधी एक गोष्ट लक्षात ठेवायची : योनिमार्गातून आतली तपासणी करायची नाही. वार खाली असेल तर बोट लागताच रक्ताची धार लागते, आणि आमच्या संचात "आतून तपासून खात्री करा" हा पर्याय तीनदा, दर वेळी पटेल अशा शब्दांत दिलेला होता.

तोंडी परीक्षेत परीक्षक मॅडमनी टेप माझ्या हातात दिली आणि बाकावरच्या बाईकडे बोट दाखवलं. मी आधी बाईला विचारलं, "ताई, लघवीला जाऊन आलात का?" मग टेपचे आकडे खाली केले.