रखमाची कादंबरी : मागाचं प्रकरण बसलं

मागच्या नोंदीनंतर बराच काळ गेला. कच्च्या खर्ड्यात रखमा आता पैठणच्या घरातून बाहेर पडून नदीच्या घाटापर्यंत पोचली आहे. नवीन वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगतो. साल १७६३, आषाढ संपून श्रावण लागायचा सुमार. निजाम अली आणि पेशवे यांच्या फौजा गोदावरीच्या अंगाने फिरताहेत आणि १० ऑगस्टला राक्षसभुवनला गाठ पडणार आहे. रखमा ही साळ्याची मुलगी. नागपूरकर जानोजी भोसले निजामाची बाजू सोडणार, अशा मजकुराची एक चिठ्ठी तिच्या घरात येऊन पडते. फितुरी खरी, चिठ्ठी माझी.

या वेळी फक्त एका प्रकरणाबद्दल लिहितो. शिपाई घराची झडती घ्यायला येतात ते प्रकरण. कथानकाला तिथे धावायचं असतं, आणि विणकाम म्हणजे जगातलं सगळ्यात न धावणारं काम. पैठणीच्या पदरावर दिवसभरात जेमतेम बोटभर नक्षी पुढे सरकते. माग समजावून सांगायला बसलो तर शिपाई दारातच म्हातारे होतील. आणि माग गाळला, तर रखमा साळ्याची मुलगी कशाला, वाण्याची का नाही?

चिठ्ठी कांडीत लपवायची हे आधीच ठरलं होतं. कांडी म्हणजे बाण्याचा, आडवा दोरा गुंडाळलेली पोकळ बोरूची नळी. ती धोट्यात, म्हणजे उभ्या दोऱ्यांमधून आरपार फेकायच्या साधनात बसते. कांड्या भरणं हे घरातल्या बायका-मुलींचं काम, माग बापाचा. त्यामुळे रखमाला मागावर बसवण्याची ओढाताण करावी लागली नाही. तिचं ज्ञान बोटांत आहे. नळीवर कागद गुंडाळून वरून दोरा भरला, तर कांडी दिसते नेहमीएवढीच जाड, पण तिच्यात दोरा कमी असतो. हे घरात फक्त तिला कळतं.

मग हिशेब मांडला. पन्हा एक मीटर धरला आणि सेंटिमीटरला पंचवीस आडवे धागे धरले, तर एक सेंटिमीटर कापडाला पंचवीस मीटर दोरा लागतो. कांडीत पन्नास मीटर दोरा असेल तर कापड झालं दोन सेंटिमीटर, म्हणजे बोटभर. खड्डामागावर धोटा हातानेच फेकायचा. शिवाय पैठणीत अंगाचा एक आणि दोन्ही काठांचे दोन, असे तीन धोटे चालतात आणि प्रत्येक ओळीला अंगाचा दोरा काठाच्या दोऱ्यात अडकवावा लागतो. मिनिटाला सात-आठ ओळी धरल्या तर भरलेली कांडी सहा-सात मिनिटांत संपते. कागदावर भरलेली त्याच्या निम्म्यात.

तीन मिनिटं! प्रसंग वाचायला साधारण तेवढीच लागतात. म्हणजे घड्याळ आयतं मिळालं, तेही घटका-पळांचा उल्लेख न करता. शिपाई मागासमोर बसतो, बापाला म्हणतो, "थांबू नका, चालू द्या." बाप थांबला तर संशय, चालू ठेवलं तर दोरा संपून खालचा कागद उघडा पडणार.

सुटकेसाठी आधी झटापट, मांजर, शेजारीण असं बरंच काही सुचलं होतं. पण उत्तर मागातच होतं. विणकर अंग सोडून पदराला लागला की अंगाचा धोटा बाजूला पडतो. पदराची जमीन जरीच्या बाण्याने भरते आणि नक्षीच्या प्रत्येक रंगाला वेगळी तिल्ली, म्हणजे त्या रंगाचा दोरा गुंडाळलेली छोटी काडी लागते. म्हणजे तीच कांडी सगळ्यांच्या डोळ्यांदेखत, निरुपयोगी म्हणून खाली ठेवता येते. मागावर शेला आहे आणि त्याचं अंग अजून दोन हात विणायचं बाकी आहे, हे शिपायाला काय कळणार? सध्याचा खर्डा असा :

"आबा, पदराची खूण आली की." रखमाने तिल्ल्यांची टोपली पुढे सरकवली.

आबांचा हात हवेतच राहिला. खूण दोन हात लांब होती. त्यांनी एकदा लेकीकडे पाहिलं, एकदा धोट्याकडे. दोऱ्याच्या वेढ्यांतून खालचं काहीतरी पांढुरकं दिसू लागलं होतं.

"आली खरी," ते म्हणाले आणि धोटा मांडीखाली सारला.

शिपाई बराच वेळ बघत राहिला. हिरवी तिल्ली आत गेली, बाहेर आली. लाल आत गेली. मोराची चोचही अजून झाली नव्हती.

"हे असंच चालतं?"

"असंच."

तो उठला.

तांत्रिक शब्द यात तिल्ली आणि धोटा एवढेच. फणी, वही, तुरई, सांधणी यांना या प्रकरणात काम नाही, म्हणून ते आत नाहीत. तिल्लीची ओळख मी आधीच्या शांत प्रकरणात करून दिली आहे, तिथे रखमा धाकट्या भावाला टोपली उपसू देत नाही. ऐन धावपळीत शब्दाचा अर्थ सांगायला थांबलं की वाचकाला लेखक खाकरल्यासारखं ऐकू येतं. एखादा तपशील ठेवायचा की नाही यासाठी मी तो काढून प्रसंग वाचतो. शिपाई तरीही उठून गेला, तर तपशील जातो. मागाच्या खड्ड्यातल्या ओलीचं वर्णन मला फार आवडलं होतं. गेलं.

काळाशी न जुळणाऱ्या गोष्टी मात्र या चाळणीत सापडत नाहीत, त्या वेगळ्या तपासाव्या लागतात. दोरी ओढून धोटा पळवायची युक्ती इंग्लंडमध्ये १७३३ ची असली तरी आपल्याकडे ती फार उशिरा आली. तेव्हा मागाची ती ओळखीची खटाखट इथे नको, फणी ठोकल्याचा संथ आवाज हवा. अजिंठ्याची लेणी १८१९ मध्ये पुन्हा उजेडात आली, म्हणून पदरावर अजिंठ्याचं कमळ नाही. कृत्रिम रंग १८५६ नंतरचे. रखमाच्या बोटांवर नीळ आणि लाखेचे डाग. हे सगळं "काय लिहायचं नाही" या सदरातलं आहे, त्याने पानं वाढत नाहीत.

यात चंद्रही आला. राक्षसभुवनच्या लढाईच्या एक-दोन दिवस आधी अमावास्या येते. घाटावरचा प्रसंग त्याच सुमारास घडतो, म्हणजे चांदण्यात पलीकडचा तळ दिसणं बाद. वर पावसाळ्यातली नदी. ऐकू येईल तेवढंच रखमाला कळणार, आणि त्यामुळे प्रसंग आपोआप आखूड झाला.

आता अडलंय ते पुढच्या प्रकरणात. पदर दोन हात आधी सुरू झाला आहे. जरी सावकाराने तोलून दिलेली आहे आणि शेला तोलूनच परत घेतला जाणार. विणलेली नक्षी उसवायची तर जरीला वळ्या पडतात, त्या लपत नाहीत. उसवली नाही तर शेला आखूड. दोन्हींपैकी काय केलं तर सावकाराला आधी कळेल, हे ठरलं की तो घरी कधी येतो तेही ठरेल. माझा कल सध्या उसवण्याकडे आहे, कारण ते काम रात्रभर रखमालाच करावं लागेल आणि तेव्हा चिठ्ठी तिच्या हाताशी असेल. तिला मोडी वाचता येत नाही. चिठ्ठीत काय आहे हे तिला कोणाकडून तरी वाचून घ्यावं लागेल, आणि गावात वाचता येणारा जवळचा माणूस म्हणजे त्याच सावकाराचा कारकून.