जाताना ९४१, येताना ६००

तक्रार बॅकअपवाल्यांची होती. सर्व्हरवर डेटा पाठवताना काही अडचण नाही, रिस्टोर मात्र रखडतं. डिस्कचा दोष की नेटवर्कचा, यावर वाद सुरू होता. नेटवर्कचा वेग मोजणारं आयपर्फ मेमरीतूनच डेटा पाठवतं, त्यामुळे डिस्कचा प्रश्न आपोआप बाजूला पडतो. मधला मार्ग साधाच होता: दोन स्विच आणि त्यांना जोडणारी एक गिगाबिट फायबर लिंक.

```
iperf3 -c 10.0.8.20
iperf3 -c 10.0.8.20 -R
```

पहिल्या कमांडला ९४१ मेगाबिट मिळाले. "इथेही साठ कमीच की," सहकारी म्हणाला. पण ते कमी नव्हतेच. १५०० बाइटचं पॅकेट तारेवर १५३८ बाइटची जागा घेतं, कारण इथरनेट हेडर, चेकसम, प्रीअँबल आणि दोन फ्रेममधली सक्तीची मोकळी जागा हे सगळं त्यात येतं. टीसीपीचा खरा माल, टाइमस्टॅम्प वजा जाता, १४४८ बाइट. भागाकार करा, ९४ टक्के येतात. म्हणजे लिंक पूर्ण भरलेली होती.

`-R` ने दिशा उलटली, सर्व्हर पाठवू लागला आणि आकडा ६०० वर आला. त्याहून बोलका होता `sender` ओळीतला `Retr`: दहा सेकंदांत हजारभर पॅकेट पुन्हा पाठवावी लागली होती. सुमारे पाच लाख पॅकेटमध्ये हजार, म्हणजे ०.२ टक्के. ऐकायला किरकोळ वाटतं, पण प्रत्येक गळतीनंतर टीसीपी आपली विंडो, म्हणजे पोच येण्याआधी एका दमात पाठवायचा डेटा, आखडती घेतं आणि वेग पडतो.

पॅकेट गर्दीमुळे पडतायत की खराब होतायत, हे टीसीपीवरून कळत नाही, कारण वेग तेच ठरवतं. म्हणून आपण सांगू त्या वेगाने पाठवणारं यूडीपी लावलं. `-b` दिला नाही तर ते एकच मेगाबिट पाठवतं, हे अनेकजण विसरतात.

```
iperf3 -c 10.0.8.20 -u -b 500M -R
iperf3 -c 10.0.8.20 -u -b 100M -R
```

बफर भरून पॅकेट पडत असती, तर १०० मेगाबिटला गळती थांबायला हवी होती. दोन्ही वेळा ती तेवढीच, ०.२ टक्क्यांच्या आसपास राहिली. त्याच सर्व्हरच्या स्विचवर लॅपटॉप लावून हीच चाचणी केली तेव्हा गळती शून्य. म्हणजे सर्व्हर आणि त्याचा स्विच निर्दोष, संशय पुढच्या टप्प्यावर.

आपल्या बाजूच्या स्विचच्या फायबर पोर्टवर सीआरसी एररचा, म्हणजे खराब होऊन आलेल्या फ्रेमचा, काउंटर शून्य केला आणि `-R` पुन्हा चालवलं. काउंटर डोळ्यांदेखत वाढत गेला. समोरच्या पोर्टवर एकही एरर नव्हती. फायबरच्या जोडीत येण्याचा आणि जाण्याचा धागा वेगळा असतो, त्यामुळे एकाच दिशेची गळती इथे चपखल बसत होती. आपल्याकडे पोचणाऱ्या प्रकाशाची पातळीही मॉड्यूलच्या किमान मर्यादेच्या काठावर होती.

कनेक्टर काढून स्कोपखाली पाहिला. टोकावर तेलकट डाग. क्लीनरने पुसून परत लावला, प्रकाशाची पातळी लगेच वर आली. दोन्ही दिशांना ९४१, `Retr` शून्य. बॅकअपवाल्यांची रिस्टोरची तक्रार तरीही पूर्ण मिटली नाही, फक्त आता तिचा पत्ता बदलून डिस्कवाल्यांचा झाला.